चौथीचं दप्तर, पाचवीची यादी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानात उभं राहिलं की एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं: "पाचवीचं सगळं द्या." दुकानदारही तयारीतच असतो. दोनशे पानी वह्यांचा डझन, ब्राउन पेपरचा रोल, लेबलांचं पाकीट, कंपास पेटी, दप्तर, डबा, बाटली. पाच मिनिटांत काउंटरवर ढीग लागतो. घरच्या कपाटात अर्ध्या कोऱ्या वह्या, बिनवापराचा कोनमापक आणि धडधाकट दप्तर पडून असतं, पण त्या घटकेला ते कोणालाच आठवत नाही. आठवणार तरी कसं? घरातून निघताना कोणी मोजलेलंच नसतं.

हा लेख त्या मोजणीबद्दल आहे. शालोपयोगी साहित्याची यादी इयत्तेप्रमाणे बदलते, म्हणून इथे एकच इयत्ता घेतली आहे: चौथीतून पाचवीत जाणारं, राज्य मंडळाच्या मराठी शाळेतलं मूल. ही पायरी मुद्दाम निवडली. पेन्सिल सुटून पेन हातात येतं ते बहुतेक शाळांत याच सुमाराला. हिंदी हा नवा विषय सुरू होतो. गणितात कोन मोजायचे आणि वर्तुळ काढायचं असतं, म्हणजे कंपास पेटी खऱ्या अर्थाने लागते. शिवाय अनेक गावांत शाळा चौथीपर्यंतच असते, त्यामुळे पाचवीला शाळाच बदलते. जुन्या सामानातलं काय पुढे चालेल आणि काय चालणार नाही, याचा खरा कस इथेच लागतो.

यंदा माझ्या भाचीचं सामान आम्ही असंच जमिनीवर मांडलं. चांगलं आणि वाईट असे दोन ढीग करण्याचा मोह होतो, पण तेवढ्याने भागत नाही. चार ढीग करावे लागतात. पहिला, जसंच्या तसं चालेल त्याचा. दुसरा, थोड्या दुरुस्तीने चालेल त्याचा. तिसरा ढीग सगळ्यात फसवा: वस्तू उत्तम, पण इयत्ता बदलल्यामुळे या मुलाला निरुपयोगी. दुरेघी वही, जाड खडूंचा डबा, अंकलिपी ही सगळी त्यातली. धाकटं भावंड असेल तर त्याच्या नावाने बांधून ठेवावी, नसेल तर शेजारच्या पहिलीतल्या मुलाला द्यावी. कपाटात परत ठेवली की पुढच्या वर्षी "आपल्याकडे वह्या आहेत" असा खोटा भरवसा तयार होतो. चौथा ढीग फेकायच्या वस्तूंचा. आणि ढिगांच्या शेजारी एक कोरा कागद, ज्यावर शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांना विचारूनच घ्यायच्या गोष्टी लिहायच्या. या कागदाकडे पुढे वळू.

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त चुका वह्यांत होतात, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. वह्या नगावर मोजू नयेत, पानांवर मोजाव्यात. गेल्या वर्षी मुलाने प्रत्येक विषयात किती पानं लिहिली हे त्याच्या जुन्या वह्यांतच नोंदलेलं असतं, आणि येत्या वर्षाचा त्याहून चांगला अंदाज कोणी देऊ शकत नाही.

भाचीच्या वह्या अशा निघाल्या. मराठीची दोनशे पानी एकेरी वही, त्यातली १५० पानं लिहिलेली, ५० कोरी. इंग्रजीच्या शंभर पानी चाररेघी दोन वह्या; पहिली भरलेली, दुसरीत ३० पानं लिहिलेली आणि ७० कोरी. गणिताची दोनशे पानी चौकटीची वही, १४० लिहिलेली, ६० कोरी. परिसर अभ्यास भाग १ ची शंभर पानी, ७६ लिहिलेली, २४ कोरी. भाग २ म्हणजे चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक. त्याच्या शंभर पानी वहीत लिहिलेली फक्त ४४ आणि कोरी ५६. एकूण २६० पानं कोरी, आणि त्यातली १३० साध्या एकेरी रेघांची.

आता पाचवीचा हिशेब. इयत्ता वाढली की लिखाण वाढतं, म्हणून गेल्या वर्षीच्या पानांवर साधारण पाव पट चढवावी. मराठीला १८८ च्या आसपास, इंग्रजीला १६३, गणिताला १७५. या तिन्हींना दोनशे पानी एकेक वही पुरते. परिसर अभ्यास भाग १ ला ९५ आणि भाग २ ला ५५, म्हणजे शंभर पानी एकेक. हिंदीचा मागचा आकडा नाही. पहिलंच वर्ष आहे, लिपी ओळखीची आहे, सुरुवातीला शंभर पानी पुरे. झाल्या सहा वह्या, ९०० पानं. डझनभर दोनशे पानी वह्या आणल्या असत्या तर ती २,४०० पानं झाली असती.

यात एक खाच आहे. दुकानात जिला दोनशे पानी म्हणतात तिच्या मलपृष्ठावर बारीक अक्षरात पानांचा खरा आकडा छापलेला असतो, आणि तो १७२ किंवा १८० सुद्धा असू शकतो. मराठीला १८८ पानं लागणार असतील तर १७२ पानांची वही फेब्रुवारीतच संपेल, आणि मग शेवटच्या पंधरा पानांसाठी नवी वही उघडली जाईल. तीच पुढच्या वर्षीची अर्धी कोरी वही. ज्या विषयाचा अंदाज काठावर येतो, त्याची वही छापील आकडा वाचून घ्यावी. वहीचा आकारही तिथेच सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. जुनी वही २४ बाय १८ ची आणि नवी १९ बाय १५.५ ची असेल तर पानांची तुलनाच चुकते, कारण छोट्या पानावर मजकूर कमी मावतो.

उरलेल्या २६० पानांचं काय? इंग्रजीची चाररेघी ७० पानं मोडायची नाहीत. पाचवीच्या सुरुवातीलाही अनेक शिक्षक इंग्रजी अक्षरासाठी चार रेघा मागतात. नाही मागितल्या तरी घरी सरावाला वही लागतेच. गणिताची चौकटीची ६० पानंही तशीच ठेवावीत. दशांश अपूर्णांकांत अंकाखाली अंक नीट बसवायला चौकटी कामी येतात. राहिली १३० एकेरी पानं, त्यांची रफ वही होते. मात्र कोरी पानं सरळ ओढून काढायला गेलं तर वही खिळखिळी होते. असं का होतं हे एकदा समजलं की काम सोपं आहे.

पिना मारलेली किंवा मधोमध शिवलेली शंभर पानी वही म्हणजे मध्ये दुमडलेले २५ मोठे कागद. पहिला कागद वहीचं पहिलं पानही असतो आणि शेवटचंही. परिसर अभ्यास भाग २ च्या वहीत ४४ पानं, म्हणजे पुढचे २२ कागदी पन्ने लिहिलेले होते. त्यामुळे पुढून-मागून पूर्ण कोरे असे मधले फक्त तीनच मोठे कागद होते, म्हणजे जेमतेम १२ पानं. बाकीची ४४ कोरी पानं लिहिलेल्या पानांना जोडलेली. लिहिलेली पानं टरकावली की मागची कोरी पानं पिनांतून सुटून हातात येतात. म्हणून निम्म्याहून कमी भरलेल्या वहीत पुढची लिहिलेली पानं फाडायची नाहीत. दुमडीपासून एक सेंटिमीटर अंतर सोडून, पट्टी धरून कटरने कापायची. ती एक सेंटिमीटरची पट्टी पिनेखाली राहते आणि मागच्या कोऱ्या पानाला धरून ठेवते. वही बारीक होते, पण घट्ट राहते. भाचीला अशी ५६ पानांची रफ वही मिळाली, कव्हरसकट.

मराठी आणि परिसर भाग १ या वह्या निम्म्याहून जास्त भरलेल्या होत्या. तिथे उलट करायचं: मागची कोरी पानंच कापून घ्यायची. ५० आणि २४ मिळून ७४ पानं, म्हणजे ३७ पन्ने. दोन्ही वह्या एकाच आकाराच्या असल्याने ते एकावर एक नीट बसले. जुन्या वहीचा पुठ्ठा वर-खाली ठेवून कडेपासून एक सेंटिमीटर आत दाभणाने तीन भोकं पाडायची. गोधडीच्या जाड दोऱ्याने मधल्या भोकातून वर यायचं, वरच्या भोकातून खाली, मागून खालच्या भोकात, आणि परत मधल्या भोकापाशी येऊन गाठ मारायची. आपल्याकडच्या कितीतरी आयांनी जून उजाडायच्या आत अशा वह्या शिवल्या आहेत. हे काम मुलाकडून करून घेतलं तर ती वही तो जपून वापरतो, हे मी पाहिलं आहे. एक काळजी मात्र घ्यावी. चौथीचं लिखाण कापण्याआधी निकाल हातात आहे ना ते पाहावं, आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागणारी गणितं व व्याख्या वेगळ्या काढून ठेवाव्यात.

पाठ्यपुस्तकांचा प्रश्न वेगळा. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात, तेव्हा ती यादीत लिहूच नयेत. विनाअनुदानित शाळेत ती विकत घ्यावी लागतात, आणि तिथे मोठ्या भावंडाची किंवा शेजारच्या मुलाची जुनी पुस्तकं उपयोगी पडतात. पण घेण्याआधी आतलं पान उघडून पाहावं. तिथे प्रथमावृत्तीचं वर्ष असतं आणि त्याखाली पुनर्मुद्रणाची वर्षं असतात. नव्या आणि जुन्या प्रतीत प्रथमावृत्तीचं वर्ष एकच असेल तर पुनर्मुद्रण कितवंही असो, जुनं पुस्तक चालतं. प्रथमावृत्तीचंच वर्ष बदललं असेल तर पुस्तक नवं आहे, जुनं उपयोगाचं नाही. ही तपासणी आता दरवर्षी करायला हवी, कारण नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने येत आहेत. २०२५-२६ मध्ये पहिलीचं बदललं.

याच संदर्भात मधल्या दोन वर्षांची एक गोष्ट. २०२३-२४ पासून राज्यात दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्यांमध्ये वहीसारखी कोरी पानं घातली होती आणि पुस्तकं चार भागांत विभागली होती. दप्तर हलकं व्हावं आणि वह्या कमी लागाव्यात हा हेतू होता. मुलं वह्याही आणतच राहिली, आणि २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली. त्या वर्षांतलं काही लिखाण पुस्तकातच झालं असेल तर नुसत्या वह्यांची पानं मोजून केलेला अंदाज कमी पडेल. तेव्हा मोठ्या मुलाचा हिशेब काढताना हे ध्यानात ठेवावं.

आता कंपास पेटी. भाचीकडे तिच्या दादाची जुनी पेटी होती, आणि घरच्यांना ती जुनी म्हणूनच नको होती. पेटीचा रंग बघायचा नसतो, आतली साधनं तपासायची असतात. कंपासाची परीक्षा अशी: टोकदार पेन्सिल बसवून ५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढावं आणि न थांबता तीनदा फिरवावं. रेघ एकच दिसली तर कंपास चांगला. दोन-तीन रेघा दिसल्या किंवा सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत तर वरचा स्क्रू सैल आहे. चष्म्याच्या छोट्या पेचकसाने तो आवळला की बहुतेक वेळा दोष जातो. पेन्सिल धरणारी कडीच पसरली असेल तर मात्र पेन्सिल सरकत राहते आणि त्याला इलाज नाही. कोनमापकावर शून्याची आडवी रेघ आणि मधला बिंदू स्पष्ट दिसायला हवा. तिथली छपाई पुसली असेल तर मुलाचा प्रत्येक कोन दोन-तीन अंशांनी चुकतो, आणि दोष मुलाच्या माथी येतो. पट्टीची शून्याकडची कड झिजलेली असेल तर एक सेंटिमीटरपासून मोजायला शिकवावं, नाहीतर पट्टी बदलावी.

दादाच्या पेटीतला कंपास स्क्रू आवळल्यावर बरोबर चालला, गुण्या आणि कर्कटक जसेच्या तसे होते, कोनमापक पुसट झाला होता. म्हणजे नवी पेटी नको, फक्त कोनमापक हवा. सुटा कोनमापक बहुतेक दुकानांत मिळतो, पण मागावा लागतो. पुढे मांडलेल्या असतात त्या अख्ख्या पेट्याच.

किमतीबद्दल एवढंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर आणि रंगीत खडू यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, आणि कंपास पेटीवर तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. वहीवर जुन्या किमतीचा शिक्का दिसला तर दुकानदाराला तेवढं विचारावं.

दप्तराचं बघताना रंग उडाला आहे का हे शेवटी पाहावं. आधी त्यात पाचवीच्या अंदाजाने पुस्तकं भरावीत आणि एकेका पट्ट्याने उचलावं. शिवण ताणली जाऊन दोऱ्याच्या मध्ये फट दिसली तर चांभाराकडून ती जागा जाड दोऱ्याने दुहेरी शिवून घ्यावी. चेन बंद केल्यावर मागून उघडत असेल तर दाते चांगले असूनही धावक पसरलेला असतो, आणि नुसता धावक बदलून मिळतो. पट्टा पाठीकडच्या कापडापासूनच फाटला असेल तर मात्र दप्तर संपलं. नवं घ्यायचं झालं तर रिकाम्या दप्तराचं वजन बघावं. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नसावं. तिसरी ते पाचवीसाठी ते १.७ ते २.५ किलो. रिकामं दप्तरच एक किलो भरत असेल तर वह्या-पुस्तकांना, डब्याला आणि बाटलीला उरतं किती? दुकानातलं सगळ्यात भक्कम, भरपूर कप्प्यांचं दप्तर पाचवीतल्या मुलासाठी बहुतेक वेळा चुकीची खरेदी असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर. म्हणजे पहिल्याच आठवड्यात पाऊस. रेनकोट वर्षभर घडी करून ठेवलेला असतो आणि घडीवरच तडकतो. उलटा करून खांद्याच्या आणि टोपीच्या शिवणीवर तांब्याभर पाणी ओतावं. थेंब आतून बाहेर झिरपला तर रेनकोट बदलावा. बाटलीच्या झाकणातली रबरी रिंग काढून पाहावी. काळी बुरशी धरलेली असेल तर ती धुऊन जात नाही, रिंग किंवा बाटली बदलायला हवी. पेनं एकदा कागदावर चालवून पाहावीत.

आता त्या कोऱ्या कागदाकडे. त्यावरच्या गोष्टी शाळा उघडण्याआधी घेतल्या तर दुप्पट खर्च होण्याची शक्यता असते. वर्गपाठ आणि गृहपाठाच्या वह्या वेगळ्या लागणार की एकच, हे शिक्षक ठरवतात. कव्हर कोणत्या विषयाला कोणत्या रंगाचं, चित्रकलेची वही किती मोठी, गणिताला चौकट की एकेरी, पेन निळं की जेल चालेल, हेही त्यांच्याच हातात. म्हणून सहा वह्यांपैकी सुरुवातीला चारच घ्याव्यात आणि पहिला आठवडा रफ वहीवर काढावा. कव्हरं तर मुळीच आधी घालू नयेत.

शाळा बदलत असेल तर गणवेशही याच कागदावर जातो. तीच शाळा असेल तर जुना गणवेश मुलाच्या अंगावर चढवून पाहावा आणि खालची दुमड उलगडता येते का ते बघावं. बाहेर दिसत होता तो भाग आणि दुमडीच्या आतला भाग यांच्या रंगात फार फरक नसेल तर पाच-सहा सेंटिमीटर मिळतात आणि निदान दिवाळीपर्यंतचं सत्र निघतं. बुटांचंही तसंच. पावसाळ्यात अनेक शाळा रबरी सँडल चालवून घेतात. तसं असेल तर बूट जूनमध्ये घेण्यात अर्थ नाही, कारण पाऊस थांबेपर्यंत मुलाचा पाय वाढलेला असतो. वर्तमानपत्रावर मोजा घातलेल्या पायाची आकृती काढून तारीख घालून ठेवावी, आणि बूट घेण्याआधी तिच्यावर पाय ठेवून पाहावं.

भाचीची शेवटची यादी अशी झाली. घरात आहे: दप्तर, एक पट्टा शिवून, कंपास पेटी, कोनमापक सोडून, डबा, चाररेघी वहीची ७० पानं, चौकटीची ६०, आणि ५६ व ७४ पानांच्या दोन रफ वह्या, गेल्या वर्षीचे मेणखडू, तुकडे असले तरी बाराच्या बारा रंग. लगेच घ्यायचं: दोनशे पानी दोन वह्या, मराठी आणि इंग्रजीच्या, छापील पानं मोजून, शंभर पानी दोन, हिंदी आणि परिसर भाग १ च्या, कोनमापक, दोन पेनं, बाटलीची रिंग, आणि रेनकोट, कारण तिचा टोपीपाशी गळला. विचारून घ्यायचं: गणिताची आणि परिसर भाग २ ची वही, कव्हरं, चित्रकलेची वही, गणवेश, बूट. हा कागद आम्ही चौथीच्या वह्यांतल्या पानांच्या आकड्यांसकट तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आता दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक वहीचं किती पान भरलं हे भाचीने त्याच्याच शेजारी लिहायचं आहे. हिंदीच्या वहीत तोवर निम्म्याहून जास्त पानं संपलेली दिसली तर दुसरी शंभर पानी दुसऱ्या सत्राआधी आणता येईल.